पूर ओसरल्यावर विहिरीचं आणि घरातलं पाणी पिण्याजोगं कसं करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णा-पंचगंगेच्या काठावर २००५, २०१९ आणि २०२१ साली, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणला, घरं धुऊन झाली तरी पाण्याचा प्रश्न उरलाच. तेव्हापासून दर पावसाळ्यात जे प्रश्न येत राहतात ते इथे एकत्र केले आहेत. पहिले सहा घरातल्या पाण्याचे, पुढचे विहिरीचे आणि शेवटचे अडचणीचे. टीसीएल म्हणजे ग्रामपंचायतीत मिळणारी ब्लीचिंग पावडर.

१. विहिरीचं पाणी चार दिवसांत निवळलं, तळ दिसतोय. मग प्यायला काय हरकत आहे?

गढूळपणा म्हणजे माती, आणि माती खाली बसते. संडासाच्या टाक्या, शोषखड्डे, गोठे आणि उकिरडे यांतून पुरात मिसळलेले जंतू मात्र डोळ्यांना दिसत नाहीत आणि मातीबरोबर सगळेच्या सगळे खाली बसतही नाहीत. कॉलरा, गॅस्ट्रो, टायफॉईड आणि कावीळ करणारे जंतू अगदी नितळ पाण्यात असू शकतात. चव आणि वास यांवरूनही काही ठरवता येत नाही. विहीर साफ होऊन क्लोरीनची तपासणी (प्रश्न १३) नीट येईपर्यंत प्यायचं, स्वयंपाकाचं, दात घासायचं आणि बाळाच्या बाटलीचं पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकूनच घ्या. कच्च्या भाज्या धुवायचं पाणी यातच येतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

२. पाणी नक्की किती वेळ उकळायचं? कोणी एक मिनिट सांगतं, कोणी वीस मिनिटं.

पाण्याला खळखळ उकळी आली, म्हणजे तळापासून वरपर्यंत बुडबुडे उसळायला लागले आणि ढवळूनही थांबेनात, की तिथून पुढे १ मिनिट पुरे. समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर ३ मिनिटं उकळावं लागतं. महाबळेश्वर त्याहून बरंच खाली आहे, तेव्हा आपल्या गावांना हा नियम लागत नाही. वीस मिनिटांचा सल्ला चुकीचा नाही, पण पुरानंतर सिलिंडर मिळत नसतो आणि सरपण ओलं असतं. वीस मिनिटं उकळायचं म्हटलं की लोक दुसऱ्या दिवसापासून उकळणंच सोडून देतात. कडेला बारीक बुडबुडे येऊन वाफ निघू लागली म्हणजे उकळी नव्हे. पुष्कळजण तिथेच गॅस बंद करतात.

उकळलेल्या पाण्यात पुढच्या संरक्षणाला काहीच शिल्लक राहत नाही. हात बुडवून पेला भरला की ते पुन्हा दूषित होतं. म्हणून ज्या पातेल्यात उकळलं त्यातच झाकून थंड होऊ द्या. ओतायचंच असेल तर उकळत्या पाण्याने धुतलेल्या, तोटी असलेल्या भांड्यात ओता. शक्यतो दिवसभरात संपेल एवढंच उकळा.

३. पाणी चहासारखं गढूळ आहे. त्यातच टीसीएल टाकलं तर?

वाया जाईल. क्लोरीन मातीवर आणि कुजलेल्या कचऱ्यावर खर्ची पडतं आणि जंतूंसाठी उरत नाही. शिवाय मातीच्या कणांच्या आड जंतू लपून राहतात. आधी निवळणं, मग क्लोरीन, हा क्रम बदलू नका.

२० लिटर पाण्याला अर्धा ते एक ग्रॅम तुरटी लागते. तुरटीची पूड करून वाटीभर पाण्यात विरघळवा, बादलीत ओता, मिनिटभर जोरात आणि मग चार-पाच मिनिटं अगदी हळू ढवळा. पाण्यात कापसासारखे पुंजके दिसायला लागले की ढवळणं थांबवा. नाहीतर ते फुटतात आणि खाली बसत नाहीत. एक-दोन तासांनी वरचं पाणी गाळ न हलवता दुसऱ्या भांड्यात काढा. तुरटीचा खडा हातात धरून पाण्यात फिरवण्याची जुनी पद्धतही चालते, फक्त प्रमाणाचा अंदाज राहत नाही. पाणी तुरट लागलं तर जास्त झाली असं समजा.

तुरटी नसेल तर जुन्या सुती साडीच्या चार ते आठ घड्या करून गाळा. सुती कापड धुऊन-वापरून जुनं झालं की त्याची वीण दाट होते, म्हणून नव्यापेक्षा जुनं बरं. तुरटी काय किंवा कापड काय, पाणी त्याने फक्त निवळतं. जंतू मारायचं काम उरतंच.

४. घरात हंड्यामध्ये टीसीएल किती टाकायचं?

पावडर थेट हंड्यात टाकू नका. चिमूट कधी अर्धा ग्रॅम असते, कधी दोन. आधी द्रावण करा. ४० ग्रॅम टीसीएल (किराणा दुकानात वजन करून घ्या) थोड्या पाण्यात कालवून घोळ करा, तो एक लिटर होईपर्यंत पाणी घाला, ढवळा आणि १०-१५ मिनिटं स्थिर ठेवा. वरचं नितळ पाणी प्लास्टिकच्या गडद बाटलीत भरा आणि खालचा चुना टाकून द्या. पावडर चांगली असेल तर हे साधारण १ टक्का क्लोरीनचं द्रावण झालं.

नितळ पाण्याला २० लिटरमागे एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली. किंचित गढूळ उरलं असेल तर दोन चमचे. ढवळून झाका आणि अर्धा तास थांबा. थंडगार पाण्याला तासभर द्या. तुमचा हंडा किती लिटरचा आहे हे एकदा लिटरच्या बाटलीने मोजून घ्या, कारण बाजारातले बहुतेक हंडे २० लिटरचे नसतात. १२ लिटरच्या हंड्याला ३ मिली पुरतं.

भांडं स्टीलचं किंवा प्लास्टिकचं घ्या. तांब्या-पितळेच्या घागरीत क्लोरीन धातूवर खर्च होतं आणि घागरही काळवंडते. द्रावणाची बाटली अंधारात, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, तिच्यावर नाव लिहा आणि आठवड्याने नवीन करा.

५. आशाताईंनी गोळ्या आणि लिक्विड क्लोरीनची बाटली दिलीय. यातलं काय वापरू?

जे हाताशी आहे ते, पण एका वेळी एकच. गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. कोणती गोळी किती लिटरला, हे पाकिटावर छापलेलं असतं आणि तेच धरायचं. मोठी गोळी तोडून अंदाजाने चार भाग करू नका. लिक्विडच्या बाटलीवर मुदतीची तारीख आधी बघा. ते पावडरीपेक्षा लवकर उतरतं, उन्हात तर फारच लवकर.

६. क्लोरीनच्या वासाने मुलं पाणी पीत नाहीत. काय करावं?

मापात टाकलं तर वास सौम्य असतो. अर्ध्या तासानंतर भांडं एकदा दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओता किंवा सुती कापड बांधून तासभर उघड्यावर ठेवा, वास कमी होतो. रात्री टाकून सकाळी वापरलं तर तक्रार जवळजवळ राहत नाही. वास उग्र असेल, डोळे चुरचुरत असतील, तर माप चुकलंय. पण क्लोरीन टाकून अर्ध्या तासाने नाक जवळ नेलं तरी वासच येत नसेल, तर उलटी काळजी करा. बहुधा ते सगळं पाण्यातच खपलंय, आणखी अर्धा डोस द्या.

७. आमची विहीर बुडाली नव्हती. पाणी फक्त कठड्याला टेकलं होतं. तरी साफ करायची?

हो. पाणी कठड्यावरूनच आत येतं असं नाही. विहिरीभोवती दोन दिवस पाणी साचलं की ते बांधकामाच्या सांध्यांतून आणि वरच्या भुसभुशीत थरातून आत पाझरतं. कोकणातला जांभा तर सच्छिद्र आणि चिरांचा. तिथे शेजारच्या शोषखड्ड्याचं पाणी फारसं न गाळता विहिरीत पोचतं. विहिरीच्या काठाभोवती पुराचं पाणी उभं राहिलं असेल, तर ती बुडालेली विहीरच समजा.

८. पाणी उतरलं की लगेच पंप लावून विहीर उपसावी का?

इथे घाई सगळ्यात महागात पडते. पुरानंतर भोवतालची जमीन पाण्याने तुडुंब भरलेली असते आणि तो दाब विहिरीच्या भिंतीवर बाहेरून येत असतो. आतलं पाणी त्याला आतून टेकू देत असतं. ते झपाट्याने काढलं की टेकू जातो आणि बांधकाम आत कोसळतं, विशेषतः दगड नुसते रचलेल्या जुन्या विहिरींचं.

आजूबाजूच्या शेतातलं पाणी हटू द्या आणि विहिरीची पातळी आपणहून खाली येऊन एक-दोन दिवस स्थिर होऊ द्या. मग उपसा सुरू करा, तोही टप्प्याने: मीटरभर उपसा, थांबा, भिंत बघा. नवीन भेगा, फुगलेला भाग, निखळणारे दगड किंवा अचानक माती मिसळलेलं पाणी दिसलं तर लगेच थांबा. मधल्या दिवसांत पिण्यासाठी प्रश्न २ आणि ४ मधली पद्धत.

९. गाळ काढायला माणूस आत उतरवायचा आहे. काय बघायचं?

पहिली गोष्ट वीज. बुडालेली मोटार, स्टार्टर आणि वायर यांना हात लावण्याआधी खांबावरून पुरवठा बंद करून घ्या. नुसतं घरातलं बटण बंद केलेलं पुरत नाही.

दुसरी गोष्ट हवा. कुजलेल्या गाळातून येणारे वायू विहिरीच्या तळाशी साचतात आणि तिथला प्राणवायू कमी पडतो. पेटता कंदील दोरीने सोडून बघायची जुनी रीत आहे. तो विझला तर उतरायचं नाहीच. पण तो विझला नाही म्हणून हवा चांगली असं ठरत नाही, कारण विषारी वायू असतानाही ज्योत जळत राहू शकते. पेट्रोलचं किंवा डिझेलचं इंजिन तर आत कधीही सोडू नका. त्याचा धूर बंदिस्त जागेत काही मिनिटांत जीव घेतो. इंजिन काठापासून लांब, वाऱ्याने धूर विहिरीकडे येणार नाही अशा बाजूला ठेवा आणि फक्त नळी आत सोडा.

उतरणाऱ्याच्या कंबरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच. खालचा माणूस बेशुद्ध दिसला तर दुसऱ्याने त्याच्यामागे उडी टाकायची नाही, दोरानेच वर ओढायचं. एकामागून एक माणसं जातात ती अशीच. गमबूट आणि रबरी हातमोजे घाला. पायाला जखम असेल तर त्या माणसाला उतरवू नका. लेप्टोसाठी प्रतिबंधक गोळी घ्यायची का, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी विचारा.

१०. विहीर साफ करण्याचा क्रम सांगा.

आधी वरचं काम. तरंगणारा कचरा, मेलेलं जनावर, ओंडके बाहेर काढा. मेलेलं जनावर विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, खोल पुरा. मग टप्प्याटप्प्याने उपसा. उपसलेलं पाणी उताराच्या बाजूला निदान ३० मीटर लांब सोडा, नाहीतर तेच झिरपून परत आत येतं. शक्य तितका गाळ काढा. तळाशी चार बोटं गाळ राहिला तरी पुढचं क्लोरीन तो खात बसतो. झऱ्याला जोर असेल आणि विहीर पूर्ण उपसत नसेल तर निदान दोनदा खालपर्यंत उपसा करून जितकं निघेल तितकं काढा.

नंतर आतली भिंत, पायऱ्या आणि कठडा ताठ ब्रशने घासा. २० लिटर पाण्यात १०० ग्रॅम टीसीएल, या द्रावणाने घासून धुवा. बंदिस्त जागेत क्लोरीनचा वास चढतो, तेव्हा हे वरून लांब दांड्याच्या ब्रशने करता आलं तर उत्तम. दोर, बादली, रहाट आणि पंपाची नळीही त्याच पाण्यात बुडवून काढा. साफ विहिरीत पुराच्या चिखलातली बादली सोडणं ही रोजची चूक आहे.

शेवटी बाहेरची डागडुजी. फुटलेला कठडा, भेगाळलेला ओटा आणि तुंबलेलं सांडपाण्याचं गटार आठवडाभरात दुरुस्त झालं नाही, तर वरचे सगळे कष्ट फुकट. मग विहीर भरू द्या आणि प्रश्न ११ कडे या.

११. विहिरीत किती लिटर पाणी आहे हे कसं काढायचं?

गोल विहिरीचा आतला व्यास मीटरमध्ये मोजा. पाण्याची खोली मोजायला दोराला दगड बांधून तळापर्यंत सोडा आणि ओला झालेला भाग मोजा. मग:

व्यास × व्यास × खोली × ७८५ = लिटर

उदाहरण: व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर. ३ × ३ × ४ × ७८५ = २८,२६० लिटर. फुटांत मोजत असाल तर ७८५ ऐवजी २२ धरा. चौकोनी विहिरीला लांबी × रुंदी × खोली × १०००, सगळं मीटरमध्ये.

पाणी रोज बदलतं, तेव्हा ज्या दिवशी टीसीएल टाकणार त्याच दिवशी मोजा. पावसाळ्यात पाणी एका रात्रीत मीटरभर चढलं तर वरच्या विहिरीत ७,००० लिटर वाढले. कालचा डोस आज कमी पडतो तो यामुळे.

१२. मग टीसीएल किती, आणि टाकायचं कसं?

दोन वेगळे डोस आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की घोटाळा होतो.

पहिला, साफसफाईनंतर एकदाच द्यायचा जबर डोस: १००० लिटरला १०० ग्रॅम. वरच्या २८,२६० लिटरच्या विहिरीला २.८ किलो. हे पाणी पिण्याचं नाही. रात्रभर, निदान १२ तास, विहीर बंद ठेवा आणि कोणी पाणी भरू नये म्हणून दोर-बादली काढून घ्या. सकाळी उपसून टाका. ते पाणी ओढ्यात, तळ्यात किंवा उभ्या पिकात सोडू नका, मासे आणि रोपं मरतात. नव्याने भरलेल्या पाण्याला क्लोरीनचा हलका वास उरेल इतपत उपसा करा.

दुसरा, त्यानंतरचा रोजचा डोस: १००० लिटरला ५ ग्रॅमपासून सुरुवात. वरच्या विहिरीला १४१ ग्रॅम. पुढे किती वाढवायचा ते तपासणी ठरवते (प्रश्न १३).

टाकायची रीत दोन्हींना एकच. १० ते १५ लिटरच्या प्लास्टिक बादलीत पावडर घ्या. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, जास्त असेल तर बादल्या वाढवा. मोठ्या डोसाला प्लास्टिकचा पिंप सोयीचा. थोड्या पाण्यात घोळ करून गुठळ्या मोडा, तीन-चतुर्थांश बादली भरा, ढवळा आणि १० मिनिटं थांबा. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओता. खाली राहिलेला पांढरा चुना विहिरीत टाकायचा नाही. तो जंतू मारत नाही, पाणी मात्र जड करतो आणि तळाशी थर धरतो. नितळ पाण्याची बादली दोराने विहिरीत पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, आडवी हलवत राहा. वरूनच ओतलं तर क्लोरीन वरच्या थरात अडकतं आणि तळचं पाणी तसंच राहतं. रोजच्या डोसानंतर निदान एक तास पाणी भरू देऊ नका. म्हणूनच ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने हे काम पहाटे किंवा रात्री उशिरा केलेलं बरं.

पावडर वाऱ्याकडे पाठ करून, नाका-तोंडाला कापड बांधून हाताळा. संडास साफ करायच्या ॲसिडचा डबा जवळपासही नको. दोन्ही मिसळले की विषारी वायू निघतो.

१३. टीसीएल टाकलं, पण ओटी टेस्टला पिवळा रंगच येत नाही. वाढवत जायचं का?

वाढवायचं, पण अंदाजाने नाही. ओटी टेस्ट म्हणजे पाण्यात किती क्लोरीन उरलंय हे पिवळ्या रंगावरून बघायची तपासणी, आणि क्लोरोस्कोप म्हणजे तिची नळी आणि रंगपट्टी. आधी टेस्ट बरोबर झाली का ते बघा. क्लोरोस्कोपच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, ओटी द्रावणाचे सांगितलेले थेंब टाका, हलवा आणि दहा सेकंदांच्या आत रंग पट्टीशी जुळवा. पुरानंतरच्या दिवसांत ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर हवं. एरवी गावातल्या शेवटच्या नळाला ०.२ ही खालची मर्यादा. पाच-दहा मिनिटांनी चढणारा पिवळा रंग धरू नका. तो अडकून पडलेल्या क्लोरीनचा असतो, कधी पाण्यातल्या लोहाचाही. टेस्ट केलेलं पाणी पिऊ नका आणि विहिरीत परत ओतू नका, ओटी विषारी आहे.

खरंच क्लोरीन उरत नसेल तर बादल्यांची चाचणी करा. विहिरीचं पाणी चार बादल्यांत, प्रत्येकी २० लिटर भरा. प्रश्न ४ मधलं द्रावण त्याच टीसीएलपासून, ४० ग्रॅम प्रति लिटर याच मापाने करा आणि बादल्यांत अनुक्रमे २, ४, ६ आणि ८ मिली घाला. मिली मोजायला औषधाची सुई नसलेली सिरिंज वापरा. तासाभराने चारही तपासा. ज्या सगळ्यात कमी डोसाच्या बादलीत ०.५ आलं, तो तुमचा डोस.

हिशोब सोपा आहे: बादलीतला १ मिली म्हणजे विहिरीच्या १००० लिटरला २ ग्रॅम पावडर. समजा २ मिलीच्या बादलीत रंग नाही आणि ४ मिलीच्या बादलीत ०.५ आला. मग १००० लिटरला ८ ग्रॅम, आणि २८,२६० लिटरच्या विहिरीला २२६ ग्रॅम. नेहमीच्या १४१ ग्रॅमला रंग का येत नव्हता ते इथे दिसतं. पावडरची ताकद कमी असली तरी ती या हिशोबात आपोआप धरली जाते, कारण चाचणीही त्याच पावडरने केली आहे.

चारही बादल्या कोऱ्या राहिल्या तर पावडर मेली आहे (प्रश्न १४) किंवा विहिरीत अजून गाळ, मेलेलं काही किंवा सांडपाण्याचा पाझर आहे. तेव्हा डोस न वाढवता पुन्हा प्रश्न १० कडे जा.

१४. गोदामात पाणी शिरलं आणि टीसीएलच्या पिशव्या भिजल्या. वाळवून वापरता येतील?

नाही. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. ओल, ऊन आणि उघडी पिशवी, या तिघांपुढे ते टिकत नाही. २० टक्क्यांच्या खाली गेलेला साठा पाणी शुद्धीकरणाला वापरू नये. भिजलेली पावडर वाळून गुठळी होते, वास मंद पडतो, आणि जे उरतं तो बहुतेक चुनाच. पिण्याच्या पाण्याला नको, गटाराच्या कडेला टाकायला चालेल. नवीन साठा झाकणबंद प्लास्टिक डब्यात, जमिनीपासून उंच, अंधाऱ्या कोरड्या जागेत ठेवा. पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, डबा गंजतो.

१५. बोअर बुडाली होती. तिला विहिरीचाच नियम लावायचा?

डोस तोच, हिशोब वेगळा. साडेसहा इंची बोअरमध्ये पाण्याच्या दर मीटरला साधारण २१ लिटर पाणी असतं. ६० मीटर पाणी असेल तर १,२६० लिटर, म्हणजे जबर डोस १२६ ग्रॅम. आधी बोअर गढूळपणा जाईपर्यंत चालवा. मग नितळ द्रावण केसिंगमधून ओता, मागून दोन-तीन बादल्या पाणी सोडा, आणि नळाला किंवा हातपंपाच्या तोंडाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पंप चालवून बंद करा. रात्रभर थांबा, सकाळी वास जाईपर्यंत उपसा.

आपल्याकडच्या कातळात केसिंग फक्त वरच्या मातीच्या थरापुरतं असतं. ते कातळात नीट बसलेलं नसेल किंवा भोवतालचा ओटा फुटला असेल, तर बोअर दर पावसात पुन्हा दूषित होते. दोनदा क्लोरीन देऊनही प्रयोगशाळेचा अहवाल खराब आला तर तिथेच शोधा.

१६. घरची टाकी आणि आरओ मशीन यांचं काय?

जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी गेलं असेल तर ती उपसा, घासा, भरा आणि प्रश्न १२ मधला जबर डोस द्या. घरातला प्रत्येक नळ वास येईपर्यंत उघडा म्हणजे पाइपही धुतले जातील. रात्रभर ठेवून सगळं सोडून द्या. छतावरची टाकी कोरडी राहिली असली तरी खालचं पाणी तिच्यात चढवलं असेल तर तिलाही हेच.

बुडालेलं आरओ किंवा यूव्ही मशीन मेकॅनिकने उघडून सगळे फिल्टर बदलल्याशिवाय वापरू नका. न बुडालेल्या यूव्हीचाही गढूळ पाण्यात उपयोग नाही, प्रकाश पाण्यातून आरपार जातच नाही. जबर डोसाचं पाणी आरओमधून जाऊ देऊ नका, त्याचा पडदा क्लोरीनने खराब होतो.

१७. नळाला पाणी आलं, टँकरही येतोय. ते तरी थेट प्यावं?

पहिले दोन-चार दिवस नाही. जलवाहिनी रिकामी असताना गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. नळाला थेट मोटार लावणारे हाच प्रकार रोज करतात, आणि त्याची झळ शेजाऱ्यालाही बसते. सुरुवातीचं पाणी सोडून द्या, ओटी टेस्ट करा, रंग आला नाही तर प्रश्न ४. टँकर भरतानाच १०,००० लिटरला ५० ग्रॅम टीसीएलचं नितळ द्रावण घातलं तर वाटेत ते मिसळतं आणि थांबायचा तासही निघून जातो.

१८. विहिरीच्या पाण्यावर तेलकट रंगीत तवंग आहे. उकळलं तर चालेल?

चालणार नाही. पुरात डिझेलची पिंपं, शेतीची औषधं आणि बॅटऱ्या वाहून येतात. उकळल्याने पाणी उडतं आणि कीटकनाशक मागे राहतं, म्हणजे ते आणखी दाट होतं. क्लोरीनचाही उपयोग नाही. काडीने तवंग मोडून बघा: काचेसारखे तुकडे पडले आणि परत जुळले नाहीत तर तो बहुधा लोहाच्या जीवाणूंचा, निरुपद्रवी थर. तुकडे लगेच एकमेकांत मिसळले तर तेल समजा. औषधाचा वास असेल किंवा जवळच कृषी सेवा केंद्र बुडालं असेल, तर विहीर बंद करून रासायनिक तपासणी होईपर्यंत टँकरच.

१९. रोज ओटी टेस्ट नीट येते, तरी महिन्याने गावात कावीळ निघाली. क्लोरीन फसलं का?

बहुधा नाही. दूषित पाण्यातून होणारी कावीळ जंतू पोटात गेल्यावर दोन आठवड्यांपासून ते जवळजवळ दोन महिन्यांपर्यंत कधीही दिसते. महिन्याने निघालेले रुग्ण पुराच्या पहिल्या आठवड्यात प्यालेल्या पाण्याचे असू शकतात. जुलाबाचे रुग्ण मात्र आज निघत असतील तर कारण आजचं आहे, आणि मग घराघरातली साठवण बघा: विहिरीवर ०.५ असलेलं पाणी चिखलाच्या हंड्यात शून्य झालेलं आढळतं. दुसरं, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेहमीच्या डोसाला दाद देत नाही, उकळीने मरतो. म्हणून बाळं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना क्लोरीनचं पाणीही उकळूनच द्या.

२०. प्रयोगशाळेत नमुना कधी आणि कसा द्यायचा?

जबर डोसाचा वास पूर्ण गेल्यावर. बाटली प्रयोगशाळेचीच घ्या. तिच्यात क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं, ती विसळू नका. घरच्या बाटलीत नेलेल्या नमुन्यात वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतं आणि अहवाल खोटा चांगला येतो. नमुना बर्फाच्या डब्यातून सहा तासांत पोचवा, उशीर झालाच तर २४ तासांच्या आत. १०० मिली पाण्यात ई-कोलाय शून्य हवा. पंधरा दिवसांनी पुन्हा एक नमुना द्या, कारण जमिनीत मुरलेलं पुराचं पाणी तोवर झिरपत असतं.

एचटूएस बाटलीची चाचणी गावातच होते: खुणेपर्यंत पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवा, काळं पडलं तर दूषित. काळं पडलं नाही म्हणून प्रयोगशाळेचा नमुना चुकवू नका.